‘माणूस पाठवलाय’ म्हणजे नक्की किती वाजता?

लिफ्टच्या तक्रारीचं पत्र बहुतेक सोसायट्या एकाच साच्यात लिहितात. ‘आमच्या इमारतीची लिफ्ट वारंवार बंद पडत असून सभासदांना, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांना, अतिशय त्रास होत आहे. तरी आपण तातडीने लक्ष घालावे, अन्यथा पुढील कारवाई करावी लागेल.’ खाली सेक्रेटरीची सही आणि सोसायटीचा शिक्का. कंत्राटदाराच्या ऑफिसात हे पत्र फाइलला लागतं, फोनवर ‘माणूस पाठवलाय’ असं उत्तर मिळतं, माणूस येतो, लिफ्ट चालू होते आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बंद पडते.

असं पत्र खोटं नसतं, पण त्याला कंत्राटदाराने नेमकं काय उत्तर द्यायचं हे ठरलेलं नसतं. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, ‘तातडीने’ म्हणजे किती तासांत, आणि ‘पुढील कारवाई’ करारातल्या कोणत्या कलमाखाली, यातलं काहीच त्यात नाही. ज्या पत्राला उत्तर देणं कंत्राटदाराला भागच पडतं, ते लिहिणं अवघड नाही. त्यासाठी लिफ्ट का बंद पडते हे थोडं समजून घ्यावं लागतं आणि वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवावी लागते.

समजण्यासाठी एक इमारत डोळ्यांसमोर आणू. ठाण्यातली स्टिल्ट अधिक सात मजल्यांची सोसायटी, दोन विंग, प्रत्येक विंगला एक लिफ्ट आणि अठ्ठावीस फ्लॅट. लिफ्ट बारा वर्षं जुन्या, आपोआप उघडणाऱ्या स्टीलच्या दारांच्या. देखभालीचा वार्षिक करार, म्हणजे एएमसी, कॉम्प्रिहेन्सिव्ह, सुटे भाग धरून. एका लिफ्टचे वर्षाला ६०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. हे पैसे दर सहा महिन्यांनी आगाऊ भरले जातात. बी विंगची लिफ्ट जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत अकरा वेळा बंद पडली. ही इमारत काल्पनिक आहे, पण हे आकडे मुंबई-ठाण्याकडच्या कुठल्याही सेक्रेटरीला ओळखीचे वाटतील.

आता या अकरा वेळा एकाच पारड्यात टाकल्या, तर सोसायटीची बाजू कमकुवत होते. वही नीट पाहिली तर तीन वेळा कारण विजेचं होतं. थ्री-फेज पुरवठ्यातला एक फेज गेला की कंट्रोलरमधला रिले लिफ्ट थांबवतो. तो बिघाड नसून मोटर जळू नये म्हणून केलेली सोय आहे. एकदा जुलैच्या पावसात शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, पाणी शिरलं. पिटचं वॉटरप्रूफिंग ही सोसायटीची जबाबदारी. हे चार प्रसंग पत्रात आपणहून बाजूला काढावेत. नाही काढले तर कंत्राटदाराचं उत्तर नेमकं याच चारांपासून सुरू होतं, आणि उरलेल्या सातांची चर्चाच होत नाही.

त्या सातही वेळा दाराच्या लॉकचा प्रश्न होता, आणि सातातल्या पाच वेळा तिसऱ्याच मजल्यावरच्या. सगळ्या पत्राचा जीव या एका ओळीत आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला वरच्या बाजूला एक लॉक असतं आणि त्यात विजेचा एक छोटा संपर्क, कॉन्टॅक्ट, असतो. दार पूर्ण बंद होऊन लॉक खाली बसलं की तो संपर्क जुळतो. स्टिल्ट धरून आपल्या इमारतीत आठ मजल्यांची आठ दारं, शिवाय केबिनचं स्वतःचं दार. या सगळ्यांचे संपर्क एकामागोमाग एक, एकाच ओळीत जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या दिवाळीच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसंच इथे. नऊपैकी एक संपर्क क्षणभर जरी सुटला तरी मोटरची वीज तुटते, ब्रेक आवळला जातो आणि केबिन असेल तिथे उभी राहते. शाफ्टचं एखादं दार उघडं असताना केबिन हलू नये, यासाठी ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे.

म्हणून दाराच्या वाटेतला कचरासुद्धा लिफ्ट बंद पाडू शकतो. तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे टाइल्सचं काम निघालं, सिमेंट-वाळूच्या गोण्या लिफ्टने वर गेल्या, आणि दाराखालच्या खाचेत वाळू साचली. दार ज्या प्लास्टिकच्या गुटक्यांवर सरकतं ते झिजले, दार एका बाजूला किंचित कलतं झालं, लॉक पूर्ण खाली बसेना. संपर्क जुळतो खरा, पण जेमतेम. मग केबिन तिसऱ्या मजल्याजवळून जाताना जो हादरा बसतो, तेवढ्यानेही तो सुटतो. याची खूण अशी की लिफ्ट कुठेही न थांबता नेहमी त्याच मजल्याच्या आसपास थांबते, आणि कुणी बाहेरून दार नीट दाबलं की काही वेळा आपोआप चालू होते. ही खूण रहिवाशांना मेकॅनिकच्या आधी कळलेली असते, पण ती कुणी लिहून ठेवत नाही.

मेकॅनिक येतो, संपर्काची पट्टी थोडी वाकवतो, धूळ पुसतो, लिफ्ट चालू करतो. सर्व्हिस स्लिपवर लिहितो, ‘डोअर लॉक अॅडजस्ट केला, लिफ्ट नॉर्मल’. वॉचमनची सही घेतो आणि जातो. काम खरंच झालेलं असतं, लिफ्ट खरंच चालू होते. पण गुटके, रोलर आणि खाच तशीच राहतात, आणि वाकवलेली पट्टी काही दिवसांत पुन्हा सैल होते. तिसऱ्या मजल्याच्या पाच स्लिपांवर एकच वाक्य पाचदा लिहिलेलं असणं हा सोसायटीच्या हातातला सर्वात मोठा पुरावा आहे. तो कंत्राटदाराच्याच माणसाने, कंत्राटदाराच्याच कागदावर लिहून दिलेला आहे. स्लिपची प्रत मागून घेऊन फाइलला लावणं, आणि सही करताना वॉचमनने फक्त ‘चालू स्थितीत पाहिली’ एवढंच लिहिणं, इतक्या साध्या गोष्टीने हे साधतं.

दोन वेळा माणसं आत अडकली. लोक विचारतात, ‘अहो, आपल्याकडे एआरडी आहे ना, मग?’ एआरडी म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्यापर्यंत नेणारं साधन. पण ते वीज गेल्यावरच कामाला लागतं, आणि त्यालाही दारांची ती माळ अखंड लागते. संपर्क सुटलेला असेल तर एआरडीसुद्धा केबिन हलवत नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी आतल्या माणसाने अलार्म वाजवून थांबायचं असतं. केबिन हवाबंद नसते, गुदमरण्याची भीती नसते. खरा धोका बाहेरच्या उत्साही लोकांचा असतो. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या केबिनमधून कुणाला खेचून काढताना केबिनच्या खाली शाफ्टची मोकळी जागा उघडी पडते, आणि पाय घसरला तर माणूस थेट पिटमध्ये जातो. म्हणून माणूस अडकल्यावर प्रशिक्षित मेकॅनिक किती मिनिटांत पोहोचतो, हे सगळ्या वेळमर्यादांमध्ये पहिलं आणि सर्वात कडक असायला हवं.

आणखी एक गोष्ट पत्रात लेखी विचारलीच पाहिजे, आणि मला वाटतं ती सगळ्यात महत्त्वाची आहे. लॉक पुन्हा पुन्हा त्रास देत असेल तर कंट्रोलरमध्ये एक तार टाकून तो संपर्कच वगळता येतो. याला बायपास किंवा जंपर म्हणतात. दोष शोधताना मेकॅनिक तो काही मिनिटांपुरता वापरतो. पण तो तसाच राहिला तर लिफ्ट अगदी छान, एकदाही न अडता चालते, आणि शाफ्टचं दार उघडं असतानाही चालते. तक्रारी अचानक बंद झाल्या म्हणून समाधान मानण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. तपासायचं ते कंपनीच्या इंजिनीअरनेच, कमिटीसमोर. रहिवाशांनी शाफ्टच्या दाराशी कोणताही प्रयोग करू नये.

आता वहीकडे येऊ. प्रत्येक बिघाडाला चार वेळा लिहायच्या. लिफ्ट कधी थांबली, तक्रार कधी दिली, माणूस कधी आला, आणि लिफ्ट कधी चालू झाली. सोबत थांबण्याची जागा, म्हणजे कोणत्या मजल्याजवळ, आणि आत कुणी होतं का. तक्रार फक्त फोनवर देऊ नये. फोन केल्यावर त्याच मिनिटाला कंत्राटदाराच्या सर्व्हिस नंबरवर मेसेज टाकावा आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा. नंतर वाद झाला की ‘आम्हाला कळवलंच नव्हतं’ हे पहिलं वाक्य असतं, आणि फोनच्या आठवणीवर त्याला उत्तर देता येत नाही.

आपल्या इमारतीत दाराच्या सात बिघाडांमध्ये लिफ्ट बंद राहिली ती अनुक्रमे ३, ५, २, १९, २६, ४ आणि ३१ तास. एकूण नव्वद तास. तीन महिन्यांचे तास होतात २,२०८. कंत्राटदार हिशेब करून सांगेल की लिफ्ट जवळपास ९६ टक्के वेळ चालू होती, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच ‘लिफ्ट ९५ टक्के चालू राहील’ अशा कलमावर सोसायटीने खूश होऊ नये. तीस दिवसांच्या महिन्यात पाच टक्के म्हणजे दीड दिवस. तो दीड दिवस सलग आला आणि सातव्या मजल्यावर कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, तर टक्केवारीचा त्यांना काही उपयोग नाही. टक्केवारीपेक्षा प्रत्येक बिघाडाचे तास मोजावेत.

पत्राचा गाभा मग साधारण असा होतो:

‘बी विंगच्या लिफ्टबाबत १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळातील अकरा बिघाडांचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यातील तीन वीजपुरवठ्याचे व एक पिटमधील पाण्याचा होता. त्यांची जबाबदारी सोसायटी घेते व पिटच्या दुरुस्तीचे काम सुरू करीत आहे. उर्वरित सात बिघाड डोअर लॉकचे असून त्यांपैकी पाच तिसऱ्या मजल्यावर, ९ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या सत्तावीस दिवसांत झाले. पाचही सर्व्हिस स्लिपांवर एकच नोंद आहे. त्यांच्या प्रती सोबत आहेत. यावरून मूळ कारण दूर झालेले नाही हे उघड आहे.

आमच्या मागण्या अशा. सात दिवसांच्या आत वरिष्ठ इंजिनीअरने सोसायटीच्या प्रतिनिधीसमोर तिसऱ्या मजल्याच्या दाराची, लॉकची, गुटक्यांची व रोलरची तपासणी करून लेखी कारण द्यावे. झिजलेले भाग करारानुसार विनामूल्य बदलावेत. कोणताही सुरक्षा संपर्क बायपास केलेला नाही, असे लेखी कळवावे. सोबत जोडलेले वेळमर्यादा व भरपाईचे पुरवणी कलम स्वाक्षरीसह पंधरा दिवसांत परत पाठवावे.’

यात ‘अन्यथा’ नाही, आणि आवाजही चढवलेला नाही. प्रत्येक वाक्याला उत्तर हो किंवा नाही असंच देता येतं, आणि उत्तर न देणं हेसुद्धा पुढे कागदोपत्री उपयोगी पडतं. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही मार्गांनी, करारावर सही करणाऱ्या कार्यालयाच्या पत्त्यावर जावं. नेहमी येणाऱ्या मेकॅनिकच्या हातात दिलेलं पत्र ऑफिसपर्यंत पोहोचेलच असं नाही.

वेळमर्यादा ठरवताना दोन घड्याळं वेगळी ठेवावी लागतात, आणि बऱ्याच करारांत नेमका इथेच घोळ असतो. माणूस येण्याची वेळ वेगळी आणि लिफ्ट चालू होण्याची वेळ वेगळी. करारात ‘दोन तासांत प्रतिसाद’ एवढंच लिहिलेलं असेल, तर माणूस दोन तासांत येऊन, पाहून, ‘पार्ट मागवतो’ म्हणून गेला तरी करार पाळला गेला. आपल्या सोसायटीने पुरवणी कलमात मागितलं ते असं. माणूस अडकला असेल तर दिवसा-रात्री केव्हाही ४५ मिनिटांत पोहोचणं. साधा बिघाड असेल तर सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत तीन तासांत येणं, आणि रात्रीची तक्रार असेल तर सकाळी आठपर्यंत. दाराचं लॉक, संपर्क, रोलर, गुटके, बटणं, रिले हे नेहमी लागणारे भाग कंत्राटदाराने साठ्यात ठेवायचे आणि त्यांच्यामुळे बंद पडलेली लिफ्ट तक्रारीपासून आठ तासांत चालू करायची. ड्राइव्ह, मुख्य कार्ड, मोटर, दोर असे मोठे भाग लागणार असतील तर चोवीस तासांत लेखी तारीख द्यायची, आणि ती सात दिवसांपलीकडची नसावी. तीस मिनिटांत पोहोचण्याची अट बरेच लोक घालतात. पण संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर ती पाळता येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं, आणि एक अट पाळता येत नाही म्हटल्यावर बाकीच्याही ढिल्या पडतात.

दंडाचा आकडा ठरवताना बहुतेक कमिट्या ‘बंद दिवसांचे पैसे कापू’ म्हणतात. हिशेब करून पाहा. वर्षाला ६०,००० म्हणजे दिवसाला १६४ रुपये. नव्वद तासांचे, पावणेचार दिवसांचे, होतात साधारण ६१६ रुपये. रात्री एक मेकॅनिक पाठवायला कंत्राटदाराला याहून जास्त खर्च येतो. म्हणजे न पाठवणंच त्याला परवडतं. दंड इतका हवा की माणूस पाठवणं स्वस्त पडेल, आणि इतका नको की कंत्राटदार सहीच करणार नाही किंवा पुढे कोर्ट तो अवाजवी ठरवेल. आपल्या सोसायटीने चालू करण्याची मर्यादा ओलांडल्यावर सुरू होणाऱ्या प्रत्येक चोवीस तासांना १,००० रुपये, अडकलेल्या माणसाकडे उशिरा पोहोचल्यास प्रत्येक वेळी २,००० रुपये, आणि एकाच जागचा एकच दोष तीस दिवसांत चौथ्यांदा आला तर तिथून पुढे प्रत्येक वेळी २,००० रुपये असं मागितलं. वर्षाची कमाल मर्यादा एएमसीच्या २० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. हेच कलम आधीपासून असतं तर त्या तीन महिन्यांत काय झालं असतं? आठ तासांची मर्यादा तीनदा ओलांडली गेली, त्याचे ३,०००. अडकलेल्या माणसाकडे एकदा पोहोचायला १ तास ५० मिनिटं लागली, त्याचे २,०००. तिसऱ्या मजल्याचा दोष चौथ्यांदा आणि पाचव्यांदा आला, त्याचे ४,०००. एकूण ९,००० रुपये, ६१६ नव्हेत. यातला पुनरावृत्तीचा दंड सर्वात उपयोगी असं माझं मत आहे, कारण पट्टी वाकवून निघून जाण्याची सवय फक्त तोच मोडू शकतो. कंत्राटदाराला चौथ्या फेरीपेक्षा नवे गुटके स्वस्त पडले पाहिजेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चालू करारात दंडाचं कलम नसेल तर तक्रारीच्या पत्राने ते निर्माण होत नाही. पत्रात ‘प्रतिदिन ५,००० रुपये दंड आकारण्यात येईल’ असं लिहून बिलातून कापून टाकलं, तर कराराचा भंग सोसायटीकडून झाला असं कंत्राटदार म्हणेल, आणि ते म्हणणं टिकेल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे प्रत्यक्ष झालेलं नुकसान मागता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं. कलम ७४ करारात आकडा लिहिलेला असतो तेव्हा लागू होतं. त्याला दंड म्हणा की भरपाई, कोर्ट त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी रक्कम देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे पुन्हा नीट मांडलं. नुकसान झालेलं असणं गरजेचं आहे, पण ते मोजणं अवघड असेल आणि करारातला आकडा प्रामाणिक पूर्वअंदाज असेल, तर तो मान्य होऊ शकतो. म्हणून पुरवणी कलमात एक वाक्य जरूर घालावं. लिफ्ट बंद राहिल्याने रहिवाशांचं होणारं नुकसान पैशांत मोजणं अवघड आहे आणि खालील रकमा हा त्याचा उभयपक्षी मान्य अंदाज आहे, अशा अर्थाचं. शिवाय बंद काळात झालेले खरे खर्च, म्हणजे कुणाला खुर्चीतून खाली आणण्यासाठी लावलेली माणसं, सामान वर नेण्याची मजुरी, त्यांच्या पावत्या वहीला लावून ठेवाव्यात.

मग चालू करारात हातात काय उरतं? तपासणीची आणि भाग बदलण्याची मागणी कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात आधीच बसते, तिला नवं कलम लागत नाही. बंद राहिलेले दिवस कराराच्या शेवटी वाढवून मागता येतात, आणि हे बरेच कंत्राटदार मान्य करतात. पुढचा सहामाही हप्ता पूर्ण रोखण्याचा मोह होतो, पण तो मी करू नये म्हणेन. हप्ता थकला म्हणून देखभाल थांबली, तर देखभालीविना चालणाऱ्या लिफ्टचा धोका रहिवाशांच्या डोक्यावर येतो, आणि लिफ्टची मालक म्हणून कायद्याने उत्तर सोसायटीला द्यावं लागतं. वादातली रक्कम नेमकी सांगून तेवढीच बाजूला ठेवावी, बाकी वेळेवर भरावी आणि तसं लेखी कळवावं. नव्या करारात मात्र आगाऊ सहामाही हप्त्याऐवजी दर तीन महिन्यांनी, काम झाल्यानंतर पैसे, ही अट घालावी. दंड वजा करायला जागा तिथेच मिळते. आधीच दिलेल्या पैशांतून दंड परत मागणं फार कठीण जातं.

कमिटीत हमखास कुणीतरी म्हणतं, ‘लिफ्ट इन्स्पेक्टरकडे तक्रार करू.’ महाराष्ट्रात लिफ्टचा परवाना आणि तपासणी २०१७ च्या लिफ्ट, एस्कलेटर व मूव्हिंग वॉक कायद्याखाली येते. त्याने १९३९ चा जुना मुंबई लिफ्ट कायदा बदलला. इन्स्पेक्टरचं काम सुरक्षिततेचं आहे. केबिन समोर नसताना दार उघडतं, ब्रेक घसरतो, केबिन मजल्याशी जुळत नाही, बायपासची शंका आहे, अशा गोष्टी त्याच्याकडे जरूर न्याव्यात, आणि अपघात झाला तर कळवलंच पाहिजे. मेकॅनिक तीन तास उशिरा आला हा त्याच्या अखत्यारीतला वाद नाही. तो करारातला वाद आहे, आणि कंत्राटदाराने ऐकलंच नाही तर जागा आहे जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्था येते, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. तिथेही पहिल्यांदा मागतील ती वही आणि स्लिपाच.

कंत्राटदार बदलायची वेळ आली तर त्याआधी एक अडचण तपासून घ्यावी. बऱ्याच लिफ्टचे कंट्रोलर असे असतात की त्यातल्या दोषांची नोंद वाचायला आणि सेटिंग बदलायला कंपनीचं वेगळं यंत्र किंवा पासवर्ड लागतो. जुना कंत्राटदार तो देत नाही आणि नवा म्हणतो कंट्रोलरच बदला, ज्याचा खर्च लाखांत जातो. म्हणून पुरवणी कलमात एक ओळ अशी असावी की करार संपताना पासवर्ड, वायरिंगचे नकाशे आणि दोषांची नोंद सोसायटीकडे देणं बंधनकारक राहील. हीच नोंद आजही मागावी. कंट्रोलर प्रत्येक थांबण्याची वेळ आणि कारण साठवत असेल, तर वॉचमनची वही आणि यंत्राची नोंद शेजारी ठेवून पाहता येतात. दोन्ही जुळल्या तर वादाला जागा उरत नाही, आणि न जुळल्या तर कोणती तारीख कोणाकडे नाही, हे दोघांनाही समोर दिसतं.

करार मार्चमध्ये संपत असेल तर पुरवणी कलमाचा मसुदा जानेवारीतच जायला हवा. त्याच वेळी आणखी दोन कंत्राटदारांकडून हीच कलमं देऊन कोटेशन मागवावीत. वर्षाला दहा-पंधरा टक्के जास्त मागून या अटींवर सही करणारा, आणि कमी पैशांत ‘साहेब, माणूस लगेच पाठवतो’ म्हणणारा, यातला कोणता घ्यायचा ते सभेत सभासदांसमोर दोन्ही कागद ठेवून ठरवावं. लिफ्टच्या देखभालीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे त्या इमारतीतले सगळे सभासद सारखाच भरतात, लिफ्ट वापरोत वा न वापरोत. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्यांनाही हा फरक का द्यायचा ते कळलं पाहिजे. अठ्ठावीस घरांत ६०,००० चे पंधरा टक्के, ९,००० रुपये, वाटले तर घरामागे महिन्याला सत्तावीस रुपयांच्या आत येतात.